मित्राच्या रिसेप्शनला तीन मिनिटांच्या आतला टोस्ट

प्रश्न: माझा पहिलीपासूनचा मित्र वसईचा, कॅथलिक. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न आहे आणि रिसेप्शनला टोस्ट मी रेझ करायचा असं त्याने परस्पर ठरवून टाकलंय. तीन मिनिटांच्या आत संपव म्हणतो. मुलगी, रीना, मडगावची, त्यामुळे अर्धी मंडळी गोव्याची असणार. नेटवरचे इंग्रजी नमुने वाचले, ते मराठीत म्हणून बघितले तर कसेसेच वाटतात. मी स्वतः लिहिलं ते साडेसात मिनिटं भरतंय. त्यात त्याने दुरुस्त करताना दोन स्क्रू उरलेल्या सायकलवरून मी बावखलात, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या तळ्यात, पडलो तो किस्सा आहे, दहावीतली कॉपी आहे, गोव्याची ट्रिप आहे, त्याची कॉलेजमधली भानगड आहे, बाबांच्या आजारपणात तो पंखा बघायच्या निमित्ताने रोज यायचा ते आहे, आणि रीना पहिल्यांदा घरी आली तेव्हा पंख्यावरून काय बोलली तेही आहे. काय ठेवू, काय काढू? शिवाय मी दारू घेत नाही, ते चालतं का?

उत्तर:

वसई, बोरिवली, वांद्र्याकडच्या रिसेप्शनांचं सूत्रसंचालन मी बरीच वर्षं करतोय. टोस्ट रेझ करणारा माणूस घामाघूम होऊन माझ्या शेजारी उभा असतो, त्यामुळे टोस्ट कुठे चढतो आणि कुठे पडतो ते जवळून बघायला मिळतं.

आधी त्या नमुन्यांविषयी, कारण तुमची साडेसात मिनिटं तिथूनच आलेली दिसतात. इंग्लंडमध्ये बेस्टमनचं भाषण जेवणानंतर होतं. लोक टेबलाशी बसलेले, पोट भरलेलं, मुलीच्या वडिलांचं आणि नवऱ्याचं बोलून झालेलं. तिथे नवऱ्याची थोडी सालं काढावीत अशीच अपेक्षा असते आणि सात-आठ मिनिटं कोणाला जड जात नाहीत. आपल्याकडे क्रम वेगळा. जोडपं आत येतं, केक कापतात, वेटर ट्रे फिरवतात, टोस्ट होतो, मग नवरा आभार मानतो, पहिला डान्स होतो आणि जेवण त्याच्याही नंतर. म्हणजे तुम्ही बोलत असताना तीनशे माणसं हातात छोटा ग्लास घेऊन उभी आहेत. त्यांनी प्यायचंही नाही आणि ग्लास ठेवायचाही नाही. आजींचे पाय दुखतायत, पोरं केककडे बघतायत. तीन मिनिटांची मर्यादा नवऱ्याच्या लहरीतून आलेली नाही, ती या उभ्या माणसांमुळे आहे. अडीच मिनिटांनंतर मागच्या रांगा आपापसांत बोलायला लागतात, आणि एकदा ती कुजबूज सुरू झाली की माइकवरून ती हरवता येत नाही.

आता मोजमाप. माइकवर, सावकाश, शेवटच्या टेबलापर्यंत पोचेल असं मराठी बोललं तर मिनिटाला शंभर ते एकशेदहा शब्द होतात. इंग्रजीचा हिशोब इथे लावू नका, आपले शब्द प्रत्यय लागून लांब होतात. त्यात हशा आला तर थांबावं लागतं. म्हणून कागदावर अडीचशेच्या आसपास शब्द ठेवा. घरी उभं राहून, मोठ्याने, फोनवर रेकॉर्ड करून वाचा. घरी सव्वादोन मिनिटं भरलं तर हॉलमध्ये ते पावणेतीन होतं. घरीच तीन भरत असेल तर ते लांब झालेलं आहे. मनातल्या मनात वाचून वेळ लावू नका, मनात आपण दुप्पट वेगाने वाचतो.

अडीचशे शब्दांत एकच किस्सा नीट मावतो, दुसरा अर्धा. म्हणून प्रश्न ‘कोणते किस्से घेऊ’ असा नाही. त्याची अशी एक सवय शोधा जी तुम्ही लहानपणी बघितली आणि रीनालाही आज ओळखीची आहे. मग त्या सवयीला धरून जे येईल तेवढंच ठेवा. तुमच्या यादीत ती सवय तीन ठिकाणी बसलेली आहे, तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. सायकल त्याने ‘दुरुस्त’ केली होती. बाबा आजारी असताना तो पंखा बघायच्या निमित्ताने येत होता. आणि रीनाने पंख्याकडे बघूनच त्याला ओळखलं. हा मुलगा ‘थांब, मी बघतो’ म्हणणारा आहे. टोस्ट तिथे आहे.

बाकीचं काढा, आणि ते का काढायचं तेही सांगतो, नाहीतर आदल्या रात्री तुम्हाला मोह होईल. मी एक कसोटी लावतो: नवऱ्याचा जो दोष सांगाल तो ऐकून मुलीच्या आईला जावई आधीपेक्षा थोडा जास्त आवडला पाहिजे. सायकलीला दोन स्क्रू उरले, ही गोष्ट त्या कसोटीला उतरते. दहावीची कॉपी उतरत नाही. शिवाय तुमचे एखादे सर समोर बसलेले असतील, फादरही असतील. गोव्याची ट्रिप मडगावच्या पाहुण्यांसमोर सांगणं म्हणजे त्यांच्या गावात जाऊन आपण काय गोंधळ घातला ते त्यांनाच ऐकवणं. कॉलेजमधली भानगड तर नाव न घेताही नाही, ‘तुम्हाला माहीतच आहे’ असं डोळा मारूनही नाही. तो हशा आठ मित्रांचा असतो आणि उरलेल्या सगळ्यांची नजर नवरीच्या चेहऱ्यावर जाते. ज्या विनोदाला आधी समजावून सांगावं लागतं तोही काढा.

तुमच्याच मजकुरातून मी एक पूर्ण टोस्ट मांडून दाखवतो. नवऱ्याचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी सॅव्हियो धरतोय. किरकोळ तपशील तुमच्या आठवणीप्रमाणे बदला.

‘सगळ्यांना नमस्कार. सॅव्हियो आणि मी पहिलीत एका बाकावर बसलो, आणि तेव्हापासून माझी एकही वस्तू धड राहिलेली नाही. कारण सॅव्हियोला दुरुस्तीची आवड आहे. आवड आहे म्हणालो मी. येते असं नाही म्हणालो.

सहावीत त्याने माझी सायकल दुरुस्त केली. अख्खी खोलली, अख्खी जोडली, आणि दोन स्क्रू उरले. मी विचारलं, “हे काय?” तर म्हणाला, “कंपनी जास्तीचे देते.” मी विश्वास ठेवला. बावखलाजवळच्या वळणावर ब्रेक दाबला, तेव्हा कळलं ते दोन स्क्रू कुठले होते.

सॅव्हियो बुटांसकट पाण्यात उतरला. आधी मला बाहेर काढलं, मग सायकल. आणि काठावर निथळत उभा राहून मला म्हणाला, “थांब, आता नीट करतो.”

काही वर्षांपूर्वी माझे बाबा आजारी होते. आमचा पंखा तेव्हा आवाज करायचा. सॅव्हियो रोज रात्री विरार लोकलमधून उतरून थेट आमच्याकडे यायचा. “काका, पंखा बघतो.” स्टुलावर चढून पाच मिनिटं काहीतरी करायचा, आणि मग दोन तास बाबांशी गप्पा मारत बसायचा. बाबा बरे झाले. पंखा अजून आवाज करतो.

रीना पहिल्यांदा आमच्या घरी आली, तेव्हा तिने मान वर करून पंख्याकडे बघितलं आणि विचारलं, “हा यानेच दुरुस्त केलाय ना?” ती गेल्यावर मी आईला म्हटलं, हिने याला बरोबर ओळखलंय.

रीना, तुमच्या घरात काही बिघडलं की हा म्हणेल, “थांब, मी बघतो.” त्याला बघू दे. मिस्त्रीचा नंबर मी देतो. वस्तूचं काय होईल सांगता येत नाही, पण हा अर्ध्यावर उठून जायचा नाही.

रीनाच्या आईबाबांना, तुमच्या भाषेत, देव बरें करूं.

आता सगळ्यांनी ग्लास वर करा. या दोघांचं घर माणसांनी भरलेलं राहो, आणि त्यातला एक तरी पंखा बिनआवाजाचा असो. सॅव्हियो आणि रीना!’

सुरुवात बघा. ‘मला दोन शब्द बोलायची संधी दिल्याबद्दल’ नाही, ‘मला भाषण करता येत नाही’ नाही. तुम्ही कोण ते सूत्रसंचालक सांगतो, त्याला तुमचं नाव आणि ‘पहिलीपासूनचा मित्र’ एवढं लिहून द्या. पहिल्याच वाक्यात तुम्ही नुकसान सोसणारे आहात, म्हणून पुढे त्याची टिंगल केली तरी ती वरचढपणाची वाटत नाही. पाण्यात पडणारे तुम्ही, बाहेर काढणारा तो. हे उलटं असतं, म्हणजे तो पडला असता आणि तुम्ही हसत काठावर उभे असता, तर हाच किस्सा कडवट झाला असता.

सायकलीचा भाग स्क्रूंपासून सुरू होतो हेही मुद्दाम. असे किस्से लोक सहसा मुळापासून सांगतात: सायकल कोणी घेऊन दिली, कुठल्या रंगाची होती, मे महिन्याची सुट्टी कशी होती, त्या वेळी आमच्या वाडीत किती जणांकडे सायकल होती. तुमच्या मसुद्यातही तसंच असेल तर तिथून निम्मा वेळ वाचेल. टोस्ट लांबला की माणूस विशेषणं गाळत बसतो, त्याने दहा सेकंद वाचतात. किस्सा उशिरा सुरू करा आणि लवकर सोडा. बावखलात पडलात हे वाक्यात म्हटलेलंसुद्धा नाही. ‘तेव्हा कळलं ते दोन स्क्रू कुठले होते’ इथे थांबा, तोंड उघडू नका, वसईची माणसं स्वतःच तुम्हाला पाण्यात पाडतील. मडगावच्या मंडळींना बावखल म्हणजे काय ते कदाचित कळणार नाही, पण पुढच्याच वाक्यात तो बुटांसकट पाण्यात उतरतो, म्हणून अर्थ सांगत बसायची गरज पडत नाही.

सगळ्यात नाजूक जागा बाबांची. आजारपण टोस्टमध्ये आलं की हॉल गप्प होतो, आणि तो गप्पपणा फार तर दोन-तीन वाक्यं झेपतो. म्हणून कसला आजार, कुठलं हॉस्पिटल, किती दिवस, यातलं काही नाही. ‘बाबा आजारी होते’, बास. मग लगेच पंखा, स्टूल, आणि ‘बाबा बरे झाले’ म्हणून सुटका. ‘पंखा अजून आवाज करतो’ हे वाक्य त्याला चिकटूनच आलं पाहिजे, कारण लोकांना तिथे हसायची परवानगी हवी असते. याआधी बाबांना एकदा विचारून घ्या. ते समोर बसणार आहेत, आणि आपलं आजारपण माइकवरून ऐकणं सगळ्यांना आवडत नाही. ते नको म्हणाले तर ‘आमच्या घरी पंखा आवाज करायचा, हा रोज रात्री यायचा’ एवढ्यावरही गोष्ट उभी राहते, थोडी हलकी होते इतकंच. आणि हा भाग वाचताना घरी तुमचा आवाज दाटून येत असेल तर तो परिच्छेद रोज मोठ्याने वाचा. आठवडाभरात शब्द सवयीचे होतात आणि आवाज ताब्यात राहतो.

रीनाचं वाक्य ही तुमच्याकडची सगळ्यात मोलाची वस्तू आहे. मित्रांचे बहुतेक टोस्ट इथेच पडतात. नवऱ्यावर दोन मिनिटं बोलून झाल्यावर ‘आणि आमची वहिनी पण खूप गोड आहे’ असं एक वाक्य येतं, ते कुठल्याही मुलीला लागू पडेल. मुलीकडच्यांना ते बरोबर कळतं. रीनाने पंखा बघून नवऱ्याला ओळखलं, यात ती स्वतः दिसते: तिची नजर, तिचा मिश्किलपणा. तिचं कौतुक करायला वेगळं विशेषण लागत नाही. फक्त हे वाक्य स्टेजवरून सांगितलेलं तिला चालेल का ते सॅव्हियोकडून हळूच काढून घ्या. बाकी टोस्ट त्याला वाचून दाखवू नका, किस्से त्याने आधी ऐकले तर त्याचा चेहरा तयारीत राहतो, आणि लोक हसताना बघत असतात तो त्याचाच चेहरा.

भाषेविषयी. मराठी सावकाश बोललात तर गोव्याच्या लोकांना सहसा कळतं. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी करू नका, दोन्हीकडचे अर्धा वेळ बाहेर राहतात. ‘देव बरें करूं’ एवढं कोंकणी पुरे, आणि ते तिच्या आईबाबांकडे बघून म्हणा, टाळ्यांसाठी लोकांकडे बघून नको. सॅव्हियोच्या घरी वसईची कादोडी बोली बोलत असतील आणि तुम्हाला लहानपणापासून ती येत असेल तर स्क्रूंवरचं त्याचं उत्तर कादोडीत द्या. येत नसेल तर हौसेने उसनी आणू नका, त्याच्या काकूच तुम्हाला दुरुस्त करतील.

शेवटाचा क्रम पक्का पाठ करा. आधी ‘ग्लास वर करा’, मग शुभेच्छेचं एक वाक्य, मग दोघांची नावं, आणि त्यानंतर एकही शब्द नाही. लोक नावांना उत्तर देतात, ‘सॅव्हियो आणि रीना’ असं तिकडून परत येतं आणि मगच घोट घेतात. अनेकजण नावं आधी घेतात आणि मग ‘तर एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ म्हणतात. तेव्हा निम्म्यांनी प्यायलेलं असतं, निम्मे वाट बघत असतात, आणि बँडवाल्याला कळत नाही वाजवायचं की नाही. ‘हिप हिप’ तुम्ही करू नका, ते सूत्रसंचालकाचं काम. त्याला तुमचं शेवटचं वाक्य आधी सांगून ठेवा म्हणजे तो ते ऐकून पुढे सरकेल.

एक अडचण कोणीच आधी लक्षात घेत नाही: माइक, कागद आणि ग्लास, वस्तू तीन आणि हात दोन. साउंडवाल्याला संध्याकाळीच सांगून माइकला स्टँड मागा. मोकळ्या मैदानात मांडव असेल आणि स्टँड नसेल, तर ग्लास बेस्टमनकडे ठेवा आणि ‘आता सगळ्यांनी’ म्हणताच त्याने तो तुमच्या हातात द्यायचा असं ठरवून घ्या. हातातला माइक तोंडापासून चार बोटांवर, आणि हसलात तरी तो हलता कामा नये. कागद म्हणजे पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड, मोठ्या अक्षरांत, थांबायच्या जागी आडवी रेघ. मोबाइलवरून वाचू नका. स्क्रीन विझते, मध्येच कोणाचा तरी फोन येतो, आणि खालून उजेड पडल्यामुळे फोटोत तुम्ही भुतासारखे दिसता.

बोलायला उभं राहण्याआधी एकदा मागच्या रांगेकडे बघा. ट्रे अजून फिरत असतील तर सूत्रसंचालकाला खूण करा, तो अर्धं मिनिट रेटून नेईल. रिकाम्या हातांना ‘ग्लास वर करा’ म्हटलं की सगळा शेवट वाया जातो.

दारूचं म्हणाल तर बिलकूल अडत नाही. थम्स अप चालतं, सरबत चालतं, साधं पाणीही चालतं, ग्लासात काय आहे ते कोणी बघत नाही. रिकामा ग्लास मात्र उचलू नका. टोस्टच्या वेळी फिरणाऱ्या ट्रेमध्ये बहुतेक वाइनच असते, म्हणून केक कापायच्या आधी एखाद्या वेटरला गाठून तुमचा ग्लास वेगळा भरून घ्या आणि तो बेस्टमनच्या हातात द्या. त्याला सांगून ठेवा की हा प्यायचा नाही.